'होप' की 'विश', 'एक्स्पेक्ट' की 'वेट': दोन ओळींच्या इंग्रजी शुभेच्छांत नेमकं कुठे चुकतं?

टिपकागद

आमच्या गटात इंग्रजी शिकणारे सगळे मोठे लोक आहेत. व्याकरणाचे स्वाध्याय बरे सोडवतात, पण कुणाला चार ओळींचा शुभेच्छांचा मेसेज लिहायचा म्हटलं की हमखास चार शब्दांत घोळ होतो: होप, विश, एक्स्पेक्ट, वेट. शस्त्रक्रिया झालेल्या एका सहकाऱ्याला पाठवायचा म्हणून लिहिलेला हा मेसेज बघा. चारही चुका एकाच ठिकाणी सापडल्यात, म्हणून जसाच्या तसा देते.

'आय विश युवर ऑपरेशन वेंट वेल. आय विश यू विल गेट वेल सून. वुई एक्स्पेक्ट यू टु कम बॅक टु ऑफिस. वेट फॉर युवर रिप्लाय.'

दुरुस्त करून देणं अवघड नाही. मला हवंय ते 'का'. नुसतं 'इथे होप लिहा' सांगितलं तर पुढच्या मेसेजमध्ये तीच चूक परत येते. आणि वाचणाऱ्याला यातून नक्की काय ऐकू येतं, तेही कुणी नीट सांगितलं तर फार बरं होईल.

---

गणूमास्तर

सोपं आहे. घडू शकतं ते 'होप', घडू शकत नाही ते 'विश'. बरं होणं शक्य आहे, म्हणून होप. पंख फुटणं शक्य नाही, म्हणून विश. आम्ही शाळेत एवढंच शिकवतो आणि मुलांना ते पुरतं.

---

सदाफुली

मास्तर, मग 'विश यू अ हॅपी बर्थडे' चं काय करायचं? वाढदिवस आनंदात जाणं अशक्य थोडंच आहे! 'विश यू सक्सेस', 'विश यू ऑल द बेस्ट' हेही बघा. तुमच्या नियमाने या सगळ्या शुभेच्छा म्हणजे शापच झाले की.

---

अनुस्वार

मास्तरांचा नियम अर्धा बरोबर आहे. तो कुठे लागू होतो एवढंच सांगायचं राहिलंय.

'विश' च्या पुढे काय येतं ते आधी बघा. पुढे फक्त माणूस आणि त्याला द्यायची गोष्ट असेल, म्हणजे 'यू' आणि मग 'अ स्पीडी रिकव्हरी', 'सक्सेस', 'अ हॅपी बर्थडे', तर ती सरळ शुभेच्छा. तिथे शक्य-अशक्यचा प्रश्नच येत नाही. वाक्याची रचना 'गिव्ह यू अ बुक' सारखीच आहे, कुणाला काय. क्रियापद त्या शब्दातच संपलं, पुढे दुसरं क्रियापद नाही.

'विश' च्या पुढे कर्ता-क्रियापद असलेलं अख्खं वाक्य आलं की मास्तरांचा नियम लागतो. तिथे 'विश' म्हणजे 'असं असतं तर बरं झालं असतं', आणि त्यातच दडलेलं असतं की तसं नाहीये. म्हणून पुढचं क्रियापद भूतकाळात जातं. 'आय विश यू वेअर हिअर' म्हणजे तू इथे असतास तर, आणि तू इथे नाहीस हे दोघांनाही माहीत आहे.

आता टिपकागद यांच्या मेसेजची पहिली ओळ वाचा. 'आय विश युवर ऑपरेशन वेंट वेल.' लिहिणाऱ्याच्या मनात 'शस्त्रक्रिया नीट पार पडली असेल अशी आशा' आहे. वाचणाऱ्याला ऐकू येतं, 'तुझी शस्त्रक्रिया नीट झाली असती तर बरं झालं असतं.' काटेकोर व्याकरणात झालेल्या गोष्टीसाठी 'हॅड गॉन वेल' लागेल, पण वाचणारा तेवढा विचार करत बसत नाही. 'विश' आणि पुढे भूतकाळ दिसला की 'म्हणजे बिघडलं' एवढा अर्थ त्याच्यापर्यंत आधीच पोचतो. चारही ओळींत सगळ्यात वाईट चूक हीच आहे, कारण बाकीच्या कानाला खटकतात, ही मात्र अर्थच उलटा करते.

झालेल्या पण आपल्याला निकाल माहीत नसलेल्या गोष्टीला 'होप' च हवं: 'आय होप द ऑपरेशन वेंट वेल.' क्रियापद तेच, 'वेंट वेल'. एक शब्द बदलला की काळजीची जागा सांत्वनाला जाते. परीक्षेचंही तसंच. 'होप यू डिड वेल' ही चौकशी झाली. 'विश यू हॅड डन वेल' म्हणजे तू नापास झालास हे मला कळलंय.

---

कोरा_कागद

विषय चांगला आहे, पण माझ्या मते मराठीत 'शुभेच्छा' आणि 'सदिच्छा' यांतला फरकही लोक विसरत चाललेत. वाढदिवसाला सदिच्छा आणि निरोपाला शुभेच्छा लिहिलेलं मी पाहिलंय. शिवाय 'हार्दिक' शब्द सगळीकडे घालायची काय गरज? 'लवकर बरे व्हा' असं सरळ लिहिलं तर काय बिघडतं? इंग्रजीच्या नादी लागण्यापेक्षा मराठीतच लिहावं.

---

टिपकागद

कोरा_कागद, सदिच्छा-शुभेच्छा हा वेगळा धागा होईल, जरूर काढा. इथे पाठवायचे मेसेज इंग्रजीतच आहेत, कारण वाचणाऱ्यांना मराठी येत नाही.

---

अनुस्वार

त्यांनी 'लवकर बरे व्हा' म्हटलं ते मात्र या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

मराठीत शुभेच्छा क्रियापदाच्या रूपातच बसते. 'यश मिळो', 'तो बरा व्हावा', 'सुखात राहा'. 'व्हावा' या एका रूपात आशा, इच्छा, शुभेच्छा, झालंच तर किंचित आग्रहही मावतो. 'तू लवकर बरा व्हावास असं वाटतं' हे वाक्य मनात घेऊन माणूस इंग्रजीकडे वळला की त्याला 'व्हावास' साठी एकच शब्द हवा असतो. शुभेच्छा म्हणजे 'विश' हे लहानपणापासून ठाऊक असतं, तो 'विश' उचलतो, आणि बरं होणं पुढे व्हायचंय म्हणून 'विल' जोडतो. झालं, 'आय विश यू विल गेट वेल सून'. टिपकागद यांची दुसरी ओळ अशी तयार होते.

म्हणून 'व्हावं' वरून थेट इंग्रजी करू नका. त्या वाक्याचं आधी मराठीतच दुसरं रूप करा. तीन रूपं आहेत.

'होईल / झालं असेल अशी आशा आहे' असं म्हणता आलं तर 'होप', आणि पुढचं क्रियापद नेहमीच्या काळात.

'असतं तर, झालं असतं तर' असं म्हणावं लागलं तर 'विश', आणि पुढचं क्रियापद एक पाऊल मागच्या काळात. आपणही इथे 'असतं' हे भूतकाळी वळणाचंच रूप वापरतो, त्यामुळे हे मराठी माणसाला अवघड जायचं कारण नाही.

क्रियापद गाळून 'तुला अमुक गोष्टीच्या शुभेच्छा' एवढंच उरत असेल तर 'विश यू' आणि त्या गोष्टीचं नाव.

दुसऱ्या ओळीवर लावून बघू. 'तू लवकर बरा झाला असतास तर'? नाही, तसं म्हणायचं नाहीये. 'तू लवकर बरा होशील अशी आशा'? हो. म्हणून 'आय होप यू गेट वेल सून'. किंवा 'लवकर बरं होण्याच्या शुभेच्छा', म्हणजे 'आय विश यू अ स्पीडी रिकव्हरी'. दोन्ही बरोबर. चुकतं ते दोघांची सरमिसळ केली की, म्हणजे 'विश' चं डोकं आणि 'होप' चं धड.

---

रेघोटी

उलटी सरमिसळही होते. 'आय होप यू अ स्पीडी रिकव्हरी' आणि 'होप यू ऑल द बेस्ट' मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

---

अनुस्वार

बरोबर. 'होप' कुणाला काही देऊ शकत नाही. त्याच्यापुढे एक तर वाक्य येतं, नाहीतर 'टु' आणि क्रियापद, नाहीतर 'फॉर' लावून नाम. 'होपिंग फॉर अ स्पीडी रिकव्हरी' चालतं. पण त्यात 'यू' नाही, म्हणून ते जरा दुरून बोलल्यासारखं वाटतं. पेशंटला लिहिताना 'विश यू' जवळचं.

'होप फॉर द बेस्ट' आणि 'विश यू ऑल द बेस्ट' यांतही गल्लत होते. पहिल्यात परिस्थिती कठीण आहे, आता चांगलं काय ते होवो असा सूर आहे. परीक्षेला निघालेल्या मुलाला ते लिहू नये.

---

गणूमास्तर

मान्य, 'यू' नंतर नाम आलं तर नियम वेगळा. उद्यापासून तसंच शिकवीन. पण एक बाब ठाम आहे: 'होप' नंतर 'विल' नको. 'आय होप यू गेट वेल' बरोबर, 'आय होप यू विल गेट वेल' चूक. 'होप' मध्येच भविष्य आलेलं असतं.

---

सदाफुली

मास्तर, हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. दोन्ही सर्रास छापलेलं दिसतं.

---

अनुस्वार

दोन्ही बरोबर आहेत, मास्तर. 'होप' नंतर साधा वर्तमानकाळ भविष्याचं काम करू शकतो, म्हणून 'गेट वेल' चालतं. तसंच करावं अशी सक्ती मात्र नाही. छोट्या मेसेजमध्ये 'गेट' मोकळं आणि जवळचं वाटतं, 'विल गेट' थोडं सावकाश आणि औपचारिक. 'विल' चालत नाही ते 'विश' नंतर.

तिथे 'वुड' चालतं, पण शुभेच्छांत तेही घालू नका. 'आय विश यू वुड…' ला तक्रारीचा वास असतो. 'तू जरा ऐकशील तर ना', 'हा आवाज एकदाचा थांबेल तर बरं', या सुराचं ते वाक्य आहे. समोरचा करू शकतो पण करत नाही, असं त्यातून निघतं. 'आय विश यू वुड गेट वेल सून' आजारी माणसाला लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, आता किती दिवस पडून राहणार आहेस? 'विल' चुकीचं ठरलं की पुष्कळ जण 'वुड' करून बघतात आणि वाक्य व्याकरणात बसलं म्हणून पाठवून देतात. निव्वळ चुकीच्या वाक्यापेक्षा हे जास्त बोचतं, कारण चूक दिसली की परका माणूस समजून घेतो. बरोबर वाक्याचा अर्थ तो तसाच घेतो.

---

माधवी_का

ऑफिसच्या पत्रव्यवहाराशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून तिसऱ्या ओळीबद्दल लिहिते. 'वुई एक्स्पेक्ट यू टु कम बॅक टु ऑफिस.'

आपण 'अपेक्षा' हा शब्द बऱ्यापैकी मऊ वापरतो. 'आपण याल अशी अपेक्षा' हे निमंत्रणात लिहिलं तर कुणाला राग येत नाही. 'एक्स्पेक्ट' पुढे माणूस आणि त्यापुढे 'टु' आलं, आणि बोलणारा स्वतः 'आय' किंवा 'वुई' असला, की ती अपेक्षा सहसा कामाची अट होते. 'वुई एक्स्पेक्ट यू टु सबमिट द रिपोर्ट बाय फ्रायडे' हे वाक्य वरिष्ठ लिहितात, आणि न केल्यास विचारणा होते. टाके न निघालेल्या माणसाला तेच वाक्य गेलं की त्याला समजतं, रजा संपवा.

हीच रचना तिसऱ्या माणसाबद्दल असेल तर मात्र निरुपद्रवी. 'द डॉक्टर्स एक्स्पेक्ट हिम टु रिकव्हर फुली' हा नुसता अंदाज आहे, त्यात हुकूम नाही. अंदाज आणि हुकूम यांतला फरक कोण कुणाला म्हणतंय यावरून पडतो, शब्द तोच राहतो.

सहकाऱ्याला परत बघायची ओढ आहे ना? मग 'वुई लुक फॉरवर्ड टु सीइंग यू बॅक', आणि त्यालाही घाई वाटू नये म्हणून पुढे 'व्हेनेव्हर यू आर रेडी'. 'टु' नंतर 'सी' नाही, 'सीइंग'. इथला 'टु' क्रियापदाला चिकटणारा नाही, तो 'फॉरवर्ड' च्या मागे येणारा आहे. नाम ठेवून बघा, 'लुक फॉरवर्ड टु युवर रिटर्न' सहज होतं. जिथे नाम बसतं तिथे क्रियापदाला 'इंग' लावावं लागतं.

---

निवांत_क्षण

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. घरगुती कार्यक्रमाचं निमंत्रण काही अमराठी स्नेह्यांना पाठवायचंय. संध्याकाळी सहाची वेळ आहे. शेवटी 'आम्ही तुमची वाट पाहू' असं आपण लिहितो ना, त्यासाठी 'वुई विल वेट फॉर यू' लिहिलंय. माधवीताई, वर 'एक्स्पेक्ट' बद्दल वाचून वाटलं की माझं बरोबर आहे, कारण मी 'एक्स्पेक्ट' टाळलंय.

---

माधवी_का

नाही, तुमच्या वाक्यात उलट 'एक्स्पेक्ट' च जास्त शोभेल.

'वुई विल वेट फॉर यू' म्हणजे तुम्ही येईपर्यंत आम्ही सुरू करणार नाही, थांबून राहू. स्नेही वेळेवर निघाले असले तरी त्यांना ओझं वाटेल, आणि उशीर झाला तर अपराधी वाटेल. मराठीत 'वाट पाहणं' मायेचं आहे. इंग्रजीत 'वेट' म्हणजे मुख्यतः काम थांबवून वेळ काढणं. त्यात 'वुई आर वेटिंग फॉर यू' असं चालू काळात लिहिलंत तर सरळ अर्थ 'तुम्हाला उशीर झालाय, कुठे आहात' असा होतो. ते वाक्य सहा वाजून वीस मिनिटांनी फोनवर म्हणायचं.

तुम्हाला लिहायचंय ते असं: 'वुई विल बी एक्स्पेक्टिंग यू अ‍ॅट सिक्स.' इथे 'टु' नाही, काही करायला सांगितलेलं नाही, फक्त माणूस आणि वेळ आहे. अर्थ, तुम्ही येणार हे आम्ही धरून चाललोय. पण हे त्यांनी होकार कळवल्यावरच लिहा. पहिल्याच निमंत्रणात लिहिलंत तर त्यांचा होकार तुम्हीच गृहीत धरलात असं होईल. पहिल्या निमंत्रणात 'वुई होप यू कॅन जॉइन अस' पुरे.

---

अनुस्वार

माधवीताईंचं 'धरून चाललोय' लक्षात ठेवा. 'येणार हे धरून चाललोय' म्हणजे एक्स्पेक्ट. 'येईपर्यंत थांबलोय' म्हणजे वेट. 'कधी येतोस असं झालंय' म्हणजे लुक फॉरवर्ड. 'वाट पाहतोय' मध्ये हे तिन्ही सामावतं, म्हणून तो शब्द बाजूला ठेवून या तिघांतलं कोणतं म्हणायचंय ते आधी ठरवावं.

एक्स्पेक्ट मनात असतं, वेट घड्याळात. कुरिअर येणार हे ठाऊक असताना माणूस स्वयंपाक करतो, कपडे वाळत घालतो, तेव्हा तो कुरिअर एक्स्पेक्ट करत असतो. दारात उभा राहिला की वेट. आणि एक्स्पेक्टला आवड-नावड नसते. पाऊस नको असतानाही तो येणार हे आपण एक्स्पेक्ट करतो. तेव्हा 'होप' करत असतो तो न येण्याचा. म्हणून शुभेच्छेत 'एक्स्पेक्ट' घातलं तर त्यातली माया गळते आणि अंदाज तेवढा उरतो.

---

रेघोटी

एक इशारा. 'वुई आर एक्स्पेक्टिंग' लिहून पुढचा 'यू' विसरू नये. एकट्या 'एक्स्पेक्टिंग' चा अर्थ घरात बाळ येणार असा होतो. निमंत्रणात असं गेलं तर उत्तरात अभिनंदनं येतील.

---

निवांत_क्षण

बरं झालं विचारलं. 'वुई होप यू कॅन जॉइन अस' असं बदलतोय.

---

टिपकागद

चौथी ओळ राहिली: 'वेट फॉर युवर रिप्लाय'. गटातले लोक म्हणतात 'होप यू आर वेल' मध्ये 'आय' गाळलेला चालतो, मग इथे 'आय' गाळला तर का चालू नये?

---

अनुस्वार

फार चांगला प्रश्न. मेसेजमध्ये सुरुवातीचा 'आय' गाळायची रीत आहेच. 'होप यू आर वेल', 'विश यू वेअर हिअर', दोन्ही सगळे लिहितात. ते का चालतं ते बघा. 'होप' आणि 'विश' यांचा कुणी कुणाला सहसा हुकूम सोडत नाही, म्हणून कर्ता गाळला तरी बोलणारा मीच हे उघड असतं. 'वेट' चा हुकूम रोज दिला जातो. 'वेट!' म्हणजे थांब. म्हणून 'वेट फॉर युवर रिप्लाय' वाचताना पहिला अर्थ लागतो, 'तुझ्या उत्तराची वाट बघ'. वाक्य विचित्र होतं आणि वाचणारा गोंधळतो.

'वेटिंग फॉर युवर रिप्लाय' केलं की आज्ञा जाते, पण घाई राहते. अजून उत्तर नाही, असा रोख येतो. ज्याने बरं वाटेल तेव्हा उत्तर द्यायचंय त्याला हे कशाला? 'नो नीड टु रिप्लाय' लिहिलं तर आजारी माणसाला खरंच आराम मिळतो.

'वेटिंग युवर रिप्लाय' असंही लिहिलं जातं, तिथे 'फॉर' हवाच. माणूस असो वा वस्तू, 'वेट' आणि ती यांच्या मध्ये 'फॉर' लागतो. 'अवेट' ला लागत नाही, 'अवेटिंग युवर रिप्लाय'. ते आपल्या 'उत्तराच्या प्रतीक्षेत' सारखं कचेरीचं आहे, शुभेच्छेत नको.

---

माधवी_का

'एक्स्पेक्टिंग युवर रिप्लाय' बद्दल मात्र माझं मत जरा सौम्य आहे. दोन्ही बाजूंनी तारीख ठरली असेल तर कामाच्या मेलमध्ये मी ते चालवून घेते.

---

अनुस्वार

मला ते तरीही हक्काने मागितल्यासारखं वाटतं. ठरलेली तारीख असेल तर तारीखच लिहावी. पण यावर लोकांचे कान वेगवेगळे आहेत, हे खरं.

---

सदाफुली

अनुस्वार, एक शंका. भेटकार्डांवर 'आय विश यू फाइंड हॅपिनेस' किंवा 'विश यू गेट वेल सून' असं छापलेलं असतं. 'विश' नंतर वाक्य, आणि क्रियापद भूतकाळात नाही. मग ते सगळे चूक का?

---

अनुस्वार

'विश यू गेट वेल सून' बद्दल मी तरी ठाम आहे, नको. तिथे 'विश यू' पर्यंत वाचणारा पुढे नाम येईल असं धरतो आणि अचानक क्रियापद आदळतं. 'होप' लिहिलं की वाक्य सरळ होतं, एक अक्षरही वाढत नाही.

---

गणूमास्तर

पण जुन्या औपचारिक इंग्रजीत 'विश दॅट' नंतर मूळ क्रियापद येतं ना? 'आय विश दॅट ही बी इन्फॉर्म्ड' असलं काही वाचल्याचं आठवतं.

---

अनुस्वार

येतं, मास्तर. तिथे 'विश' म्हणजे 'तसं व्हावं असा माझा आदेश किंवा विनंती'. त्या वळणाला चिकटून कुणी 'आय विश दॅट यू फाइंड हॅपिनेस' चं समर्थन केलं तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही. शिकणाऱ्याला मात्र हे वळण देऊ नये. त्याला 'विश' नंतर वाक्य म्हणजे भूतकाळ एवढं पक्कं होऊ द्यावं.

'मिळो', 'लाभो', 'राहो' या सुराला इंग्रजीत दुसरंच दार आहे, 'मे'. 'मे यू फाइंड हॅपिनेस', 'मे ही रेस्ट इन पीस'. कर्त्याच्या आधी 'मे' आणि पुढे मूळ क्रियापद. मराठी '-ओ' च्या सगळ्यात जवळचं तेच. शोकसंदेशात 'आय विश गॉड गिव्हज यू स्ट्रेंग्थ' लिहिलं जातं, तिथे 'मे गॉड गिव्ह यू स्ट्रेंग्थ' हवं. 'गिव्ह', 'गिव्हज' नाही. फक्त 'मे' भारदस्त आहे. वाढदिवसाला मित्राला लिहिलं तर आशीर्वाद दिल्यासारखं होईल.

---

रेघोटी

'विश यू हॅपी बर्थडे' की 'विश यू अ हॅपी बर्थडे'?

---

सदाफुली

'अ' हवा. 'हॅपी बर्थडे!' एकटं ओरडताना 'अ' नाही, 'विश यू' च्या मागे आलं की आहे. 'विश यू सक्सेस' ला नाही, कारण सक्सेस इथे मोजायची गोष्ट नाही. 'रिकव्हरी' ला 'अ' घ्यावा लागतो. अनुस्वार, बरोबर ना?

---

अनुस्वार

अगदी. आणि 'विशिंग यू' असं सुरू केलं तरी 'अ' तसाच राहतो.

---

टिपकागद

सगळं धरून मेसेज असा झाला. जवळच्या सहकाऱ्यासाठी:

'होप द ऑपरेशन वेंट वेल अँड यू आर रेस्टिंग. विशिंग यू अ स्पीडी रिकव्हरी. वुई लुक फॉरवर्ड टु सीइंग यू बॅक व्हेनेव्हर यू आर रेडी. नो नीड टु रिप्लाय.'

वरिष्ठांसाठी पहिल्या वाक्याला 'आय' लावला, 'विशिंग' चं 'आय विश' केलं आणि शेवटचं वाक्य काढलं. ठीक आहे?

---

माधवी_का

छान. वरिष्ठांच्या मेसेजमधलं 'व्हेनेव्हर यू आर रेडी' ही काढा. परत कधी यायचं ते त्यांनी ठरवायचं, हाताखालच्यांनी ते म्हटलं की परवानगी दिल्यासारखं होतं. 'वुई लुक फॉरवर्ड टु सीइंग यू बॅक' वर थांबा.

---

अनुस्वार

आणि पाठवण्याआधी एक बघा. शस्त्रक्रिया झाली हे नक्की ठाऊक आहे का? पुढे ढकलली असेल तर 'वेंट वेल' लिहून पंचाईत होते. नक्की नसेल तर पहिलं वाक्य 'होप एव्हरीथिंग इज गोइंग वेल' करा. ते आधी, मध्ये, नंतर, केव्हाही बसतं.

---

निवांत_क्षण

होकार आले. आता 'वुई विल बी एक्स्पेक्टिंग यू अ‍ॅट सिक्स' पाठवतोय. एकांनी मात्र 'आय विश आय कुड कम' असं उत्तर दिलंय. म्हणजे ते यायची इच्छा आहे म्हणतायत ना? त्यांची खुर्ची धरू का?

---

सदाफुली

नका धरू. 'येता आलं असतं तर' असं आहे ते, म्हणजे नाही येत. 'होप आय कॅन कम' लिहिलं असतं तर धरली असती.